स्वयंपाकघराचे फॉल्स सीलिंग : पीओपी, जिप्सम की पीव्हीसी?

प्रश्न : रत्नागिरीत आमचा दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे आणि वर आणखी एक मजला आहे. ८० चौरस फुटांच्या स्वयंपाकघराला फॉल्स सीलिंग करायचे आहे. कंत्राटदाराने चौरस फुटाला पीओपीचा ७५, जिप्समचा ९० आणि पीव्हीसीचा १३० रुपये दर सांगितला आहे. रंग वेगळा, २० रुपये. पीओपी करून पैसे वाचवावेत का?

उत्तर : दरांतील फरक दिसतो तेवढा मोठा नाही. पीव्हीसीला रंग लागत नाही, त्यामुळे त्याचे एकूण १०,४०० रुपये होतात, तर पीओपीचे रंगासह ७,६०० रुपये. ओल्या स्वयंपाकघरात पीओपीला चार-पाच वर्षांत खरवडून पुन्हा रंग द्यावा लागेल असे धरले आणि त्याचा खर्च चौरस फुटाला २५ रुपये मानला, तर २,८०० रुपयांची बचत ८०० रुपयांवर येते.

पीओपी आणि जिप्सम बोर्ड या दोन्हींचा गाभा जिप्समचाच असल्याने पाणी मुरले की दोन्ही मऊ पडतात. साध्या बोर्डावर शिवाय कागदाचे आवरण असते आणि त्यावर बुरशी धरते. आपल्याला सांगितलेला ९० रुपयांचा दर बहुधा साध्या बोर्डाचा असावा. ओलावारोधक बोर्ड, जो बहुतेक हिरव्या कागदाचा असतो, त्याला २० रुपये अधिक पडले, तर रंगासह खर्च थेट पीव्हीसीएवढा होतो. आणि तो बोर्डही वाफ सोसतो, वरून ठिबकणारे पाणी नव्हे. तपकिरी कडा असलेला डाग किंवा दोन स्क्रूंच्या मधला पोक दिसला, की पाणी आत पोहोचले असे समजावे.

म्हणून माझा कौल पीव्हीसीला आहे, पण एका अटीवर. पीव्हीसी उष्णतेने मऊ पडून वाकते आणि जळाल्यास घशाला झोंबणारा विषारी धूर सोडते. शेगडीवर धूर बाहेर नेणारी डक्टची चिमणी नसेल, तर ओलावारोधक जिप्समच घ्यावे, कारण आगीपुढे ते कितीतरी अधिक टिकते. हवा गाळून पुन्हा खोलीतच सोडणारी चिमणी येथे उपयोगाची नाही. वाफ घरातच राहते.

मात्र आगाऊ रक्कम देण्यापूर्वी, शक्यतो पावसाळ्यात, स्लॅबला फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून एक-दोन दिवस ठेवावा. थेंब प्लास्टिकच्या स्लॅबकडील बाजूला जमले, तर ओल वरून येते आहे. खोलीकडील बाजूला जमले, तर ती स्वयंपाकाची वाफ आहे. पहिल्या स्थितीत वरच्या फ्लॅटमधील गळती दुरुस्त होईपर्यंत कोणतेच सीलिंग करू नये. पीव्हीसी स्वतः खराब होणार नाही, परंतु गळती त्याआड लपून स्लॅबमधील सळया गंजत राहतील, आणि पट्ट्या एकमेकींत अडकवलेल्या असल्याने मधली पट्टी काढायलाही कडेपासून सोडवत यावे लागते.

कोटेशनमध्ये सांगाडा जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचा असल्याचे लिहून घ्यावे. रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत साधे लोखंड सीलिंगच्या आधी जाईल.