एका रेकॉर्डमागे एक पेनी

प्रश्न: "बीटल्ससारख्या बँडच्या लाखो रेकॉर्डी खपत होत्या, तरी सुरुवातीला त्यांना रेकॉर्डींतून फारसे पैसे मिळाले नाहीत म्हणतात. हे कसं काय? आणि आजकाल गायक 'मास्टर' परत मिळवण्यासाठी भांडतात, ते नक्की काय परत मागतात?"

बीटल्सपासूनच सुरू करतो, कारण त्यांच्या कराराचे आकडे साधे आहेत. मी एका म्युझिक कंपनीच्या रॉयल्टी विभागात बरीच वर्षं हिशेब लिहिले, त्यामुळे असा करार समोर आला की हात आपोआप कॅल्क्युलेटरकडे जातो.

जून 1962 मध्ये त्यांनी ईएमआय या रेकॉर्ड कंपनीशी करार केला. (आपल्याकडची कुत्र्याच्या चित्राची एचएमव्ही याच घरातली.) दर होता दोन बाजूंच्या एका सिंगलमागे एक पेनी. चौघांना मिळून एक, प्रत्येकाला एक नव्हे! त्यातही विक्रीच्या 85 टक्क्यांवरच रॉयल्टी. तबकड्या लाखेच्या असायच्या तेव्हा त्या वाटेत फुटायच्या, म्हणून फूटतुटीची वजावट करायची रीत पडली होती. विनाइल आलं, फूट थांबली, पण वजावट कागदावर राहिली. परदेशातल्या विक्रीवर तर दर निम्मा.

समजा दहा लाख सिंगल खपल्या. 85 टक्के म्हणजे साडेआठ लाख पेनी. तेव्हा पौंडाला 240 पेनी, म्हणजे झाले सुमारे 3,540 पौंड. मॅनेजर ब्रायन एपस्टाइनचा हिस्सा मिळकतीबरोबर चढत 25 टक्क्यांपर्यंत जाई. तो काढला तर उरतात 2,655 आणि चौघांत वाटले तर प्रत्येकी साधारण 664 पौंड. सिंगलची दुकानातली किंमत सहा शिलिंगांच्या वर होती. म्हणजे गिऱ्हाइकांनी मोजले तीन लाख पौंडांहून जास्त, आणि जॉनच्या हातात सहाशे चौसष्ट, तेही कर भरायच्या आधी. निर्माता जॉर्ज मार्टिननं नंतर हा दर दुप्पट करायला लावला, पण दोन पेनी झाल्या तरी हे चित्र फार बदलत नाही. खरी कमाई कार्यक्रमांतून आणि गाणी लिहिण्याच्या हक्कांतून होती. लेखन हक्कांचीही पुढे वेगळीच वाताहत झाली, पण तो स्वतंत्र धागा होईल.

ईएमआयनं निदान स्टुडिओचा खर्च बँडच्या माथी मारला नाही, स्टुडिओ त्यांचाच होता. अमेरिकेत त्यापुढची पायरी होती: आगाऊ रक्कम द्यायची आणि ती रॉयल्टीतून वळती करायची. आकडे माझे आहेत, पण सत्तरच्या दशकातल्या करारांचा साचा असाच असे. कंपनीनं दीड लाख डॉलर दिले, त्यातच रेकॉर्डिंगचा सगळा खर्च. अल्बमची किंमत आठ डॉलर. वेष्टनाचे दहा टक्के आधी कापले, राहिले 7.20. त्यावर दहा टक्के रॉयल्टी, पण त्यातले तीन टक्के निर्मात्याचे. बँडच्या वाट्याला प्रतीमागे सुमारे 50 सेंट.

आता गंमत बघा. दीड लाख डॉलर फेडायचे ते या पन्नास सेंटांतून, कंपनीच्या वाट्यातून नाही. म्हणजे तीन लाख प्रती खपेपर्यंत बँडला एक सेंटही नाही. तोवर कंपनीनं घाऊक चार डॉलरनं माल विकून बारा लाख डॉलर गोळा केलेले असतात. छपाई, जाहिरात, वितरण सगळं त्यातून जातं, हे मान्य. न चाललेल्या अल्बमांचा तोटाही कंपनीच सोसते, हेही मान्य. पण कंपनी केव्हाच फायद्यात आलेली असते, आणि बँडच्या स्टेटमेंटवर शेवटच्या रकान्यात उणे चिन्ह तसंच असतं. दर सहा महिन्यांनी असे कागद आम्ही पाकिटात घालून पाठवायचो. त्यात दुसऱ्या अल्बमची उचल पहिल्याच खात्यात चढवण्याचं कलम असलं, तर पहिला अल्बम फिटता फिटता दुसऱ्याचं ओझं येऊन बसतं.

आणि सगळं फिटलं तरी? सावकाराचं कर्ज फिटलं, पण सातबारा त्याच्याच नावावर. मास्टर म्हणजे हा सातबारा. मूळ ध्वनिमुद्रण आणि त्यावरचा हक्क: कुठे विकायचं, कोणत्या सिनेमाला द्यायचं, कंपनीच विकताना कोणाच्या हाती द्यायचं, सगळं मास्टरचा मालक ठरवतो. बीटल्सची मास्टर अशीच ईएमआयबरोबर 2012 मध्ये युनिव्हर्सलच्या ताब्यात गेली.

यावर एक कायदेशीर वाट अमेरिकेत 1976 च्या कायद्यानं उघडली. 1978 पासून पुढे दिलेला हक्क 35 वर्षांनी कलाकार परत मागू शकतो. नोटीस किमान दोन वर्षं आधी द्यायची, दहा वर्षांहून आधी नाही. कंपन्यांचं म्हणणं, ही ध्वनिमुद्रणं नोकरीत केलेल्या कामासारखी आमच्याच मालकीची, त्यांना हे कलम लागूच नाही. 1999 मध्ये तसा शब्द कायद्यात घुसवलाही गेला, पण कलाकारांनी एवढा गदारोळ केला की पुढच्याच वर्षी तो काढावा लागला. वाद मात्र मिटला नाही. शिवाय परत मिळतो तो फक्त अमेरिकेतला हक्क. तरी दबाव म्हणून हे कलम कामाचं आहे. गायक प्रिन्सचा पहिला अल्बम 1978 चा. नव्वदच्या दशकात आपल्याच कंपनीशी, वॉर्नरशी भांडताना गालावर 'स्लेव्ह' लिहून फिरणाऱ्या या माणसाला वॉर्नरनं 2014 मध्ये, म्हणजे ही मुदत भरली त्याच सुमारास, नव्या करारात मास्टरची मालकी दिली. मला हा योगायोग वाटत नाही.

टेलर स्विफ्टनं 35 वर्षं थांबायचं नाकारलं. तिचे पहिले सहा अल्बम बिग मशीन कंपनीकडे होते, ती 2019 मध्ये विकली गेली आणि मास्टर तिला नको असलेल्या माणसाकडे गेले. तिनं एक फट हेरली. गाण्यावर दोन हक्क असतात, एक रचनेचा आणि एक ध्वनिमुद्रणाचा. गाणी तिनं स्वतः लिहिलेली, म्हणून रचनेत तिचा शब्द चालायचा. जाहिरातीत किंवा सिनेमात गाणं वापरायचं तर दोन्ही परवानग्या लागतात, म्हणून जुन्या ध्वनिमुद्रणाला ती नकार देऊ शकत होती. करारातली 'पुन्हा गायची नाहीत' ही बंदीची मुदत संपत गेली तशी तिनं तीच गाणी नव्यानं गायली. 2021 ते 2023 या काळात असे चार अल्बम आले. आणि मे 2025 मध्ये तिनं जुनी मास्टर विकतच घेतली.

ही युक्ती सगळ्यांना जमणारी नाही. दुसऱ्याची गाणी गाणाऱ्याकडे नकाराचा हा अधिकार नसतो, आणि वीस वर्षांनी आवाज तोच राहील याची खात्री कोण देणार? कंपन्याही शहाण्या झाल्या. पूर्वी पुन्हा गाण्यावरची बंदी पाच-सात वर्षांची असायची, आता नव्या मसुद्यांत दहा, पंधरा, त्याहूनही जास्त वर्षं मागतात. ओळखीतला कोणी करार दाखवायला आला, तर रॉयल्टीचा टक्का मी शेवटी बघतो. आधी हे कलम शोधतो, मग उचल कोणत्या खात्यातून वळती होणार ते.