तिसरा निरोप कशासाठी? टीसीपी हँडशेकबद्दल

प्रश्न: "मी बेळगावात डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. टीसीपीत डेटा पाठवायच्या आधी तीन टप्प्यांचा हँडशेक होतो तो दोन्ही मशीन चालू आहेत आणि दोघांना एकमेकांचं ऐकू येतंय याची खात्री करायला, असं मी समजलोय. हे बरोबर आहे का, कुणी सांगाल का?"

बरोबर आहे, पण अर्धंच. राहिलेला अर्धा भाग जास्त महत्त्वाचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तुमचा भाग पक्का करू. खानापुरातलं मशीन बेळगावातल्या सर्व्हरला सिन, म्हणजे जोडणीची मागणी, पाठवतं. बेळगाव सिन-अ‍ॅक परत पाठवतं, म्हणजे त्या मागणीची पोच आणि आपली मागणी एकत्र. ते पोचलं की खानापूरला दोन्ही गोष्टी कळल्या: माझं तिकडं जातंय आणि तिकडचं माझ्याकडं येतंय. बेळगावला मात्र एकच गोष्ट कळलेली असते, की तिकडचं येतंय. आपलं उत्तर पोचलं की वाटेत गळालं, हे तिसरा अ‍ॅक आल्याशिवाय त्याला कळायला मार्गच नाही. इथपर्यंत तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं.

पण नुसतं ऐकू येतंय का एवढंच बघायचं असतं, तर पॅकेटमध्ये आकडे कशाला हवे होते? सिनमध्ये ३२ बिटांचा एक सिक्वेन्स नंबर असतो. टीसीपी प्रत्येक बाइटला क्रमांक देतं. काय हरवलं, काय दोनदा आलं, काय मागं-पुढं झालं, हे सगळं त्या क्रमांकावरून कळतं. आणि क्रमांक शून्यापासून सुरू होत नाहीत. दोन दुकानांची पावतीपुस्तकं जशी वेगळी असतात, एकाचं ९१ पासून आणि दुसऱ्याचं ३०१ पासून, तसं प्रत्येक मशीन आपला पहिला आकडा आपण निवडतं. तो समोरच्याला सांगायला हवा, आणि "हो, मिळाला" असं समोरच्यानं म्हणायला हवं. दोन बाजूंचे दोन आकडे आणि त्यांच्या दोन पोचा, म्हणजे चार निरोप झाले. त्यातली बेळगावची पोच आणि बेळगावचा स्वतःचा आकडा एकाच पॅकेटमधून जातात, म्हणून तीन.

आता खरा मुद्दा: तिसरा निरोप काढून टाकला तर काय बिघडतं? टीसीपीचे नियम ठरवणाऱ्या १९८१ च्या आरएफसी ७९३ या दस्तऐवजात याचं उत्तर स्पष्ट आहे. जुनी, उशिरा पोचलेली जोडणीची मागणी येऊन घोटाळा होऊ नये, हे तिथं मुख्य कारण म्हणून दिलंय. ही कल्पना रे टॉमलिन्सन यांनी १९७५ मध्ये मांडली होती. ईमेलच्या पत्त्यात @ बसवणारे तेच.

खानापूरच्या दुकानदारानं रविवार पेठेतल्या व्यापाऱ्याकडं टेंपोवाल्याच्या हाती मालाची चिठ्ठी पाठवली, असं समजा. चिठ्ठी टेंपोतच राहिली. दुकानदारानं दुसरी पाठवली, माल आला, हिशेब मिटला. तिसऱ्या दिवशी ती पहिली चिठ्ठी व्यापाऱ्याच्या हातात पडली. चिठ्ठी खरी आहे, अक्षर ओळखीचं आहे. त्यानं न विचारता माल बांधला तर तो गोदामात पडून राहणार. नेटवर्कमध्येही पॅकेट असंच रेंगाळू शकतं. ते जास्तीत जास्त २ मिनिटं जिवंत राहील असं त्याच आरएफसीत धरलंय.

आरएफसीतल्याच आकड्यांनी बघू. खानापूरनं आत्ता १०० आकड्याचा नवा सिन पाठवलाय, पण त्याच्या आधी जुना, ९० आकड्याचा सिन बेळगावला पोचला. बेळगावला तो जुना आहे हे ओळखता येत नाही. ते स्वतःचा ३०० हा आकडा देतं आणि ९१ ची पोच पाठवतं. सिन स्वतः एक क्रमांक खातो, म्हणून ९० ची पोच ९१. खानापूर बघतं: मी तर १०० पाठवलाय, मला १०१ ची पोच हवी. ते लगेच रीसेट पाठवतं आणि बेळगाव ती अर्धवट जोडणी सोडून पुन्हा वाट बघत बसतं. मग १०० वाला सिन पोचतो आणि जोडणी नीट होते. दोनच निरोप असते तर बेळगावनं ९० वरच जोडणी झाली असं धरलं असतं. जुनं कोण आणि नवं कोण हे फक्त पाठवणाऱ्यालाच माहीत असतं, म्हणून शेवटचा शब्द त्याचा ठेवलाय.

हे स्वतःच्या लॅपटॉपवर दिसतं. लिनक्सवर ८०८० पोर्टवर एखादा सर्व्हर चालू ठेवा, असं चालवा आणि मग दुसऱ्या टर्मिनलमधून त्या सर्व्हरला जोडा:

```
sudo tcpdump -n -S -i any tcp port 8080
```

तीन ओळी साधारण अशा येतील (वेळ आणि पत्ते मी काढून टाकलेत):

```
Flags [S],  seq 3021574410
Flags [S.], seq 1187206033, ack 3021574411
Flags [.],  ack 1187206034
```

दोन्ही पोचा एकेकानं वाढलेल्या आहेत, ते बोट ठेवून बघा. `-S` दिलं नाही तर tcpdump तिसऱ्या ओळीत नुसतं `ack 1` दाखवतं आणि ही गंमत दिसतच नाही.

तिसरा निरोप आला नाही तर कसं दिसतं, ते मी एका पतसंस्थेत काम करताना बघितलंय. मुख्य ऑफिस बेळगावात, शाखा खानापुरात. एका सकाळी शाखेत पिग्मीचे पैसे भरायला माणसं उभी आणि स्क्रीन नुसती फिरत होती. शाखेतल्या ताई फोनवर म्हणाल्या, "दादा, सर्व्हर बंद आहे." सर्व्हर चालू होता. त्यावर tcpdump लावलं तर शाखेचा `[S]` येत होता, आमचा `[S.]` जात होता, पण `[.]` येतच नव्हता. एका सेकंदानं तोच `[S]`, त्याच आकड्यासह, परत. मग दोन सेकंदांनी, मग चार.

```
ss -tn state syn-recv
```

तिसऱ्या निरोपाची वाट बघणाऱ्या जोडण्यांच्या या यादीत शाखेचाच पत्ता दिसला. म्हणजे तिकडचं आमच्यापर्यंत येत होतं, आमचं तिकडं पोचत नव्हतं. आमच्याकडं इंटरनेटच्या दोन लाईनी होत्या. आदल्या रात्री राउटर बदलला होता, आणि मागणी एका लाईनीनं येऊन उत्तर दुसऱ्या लाईनीनं बाहेर जात होतं. ते शाखेपर्यंत पोचत नव्हतं. ज्या लाईनीनं मागणी आली त्याच लाईनीनं उत्तर जावं, असा नियम राउटरवर टाकल्यावर पुढच्याच `[S]` ला `[.]` आला. तोवर सर्व्हरनं त्या अर्धवट जोडण्यांना खरी जोडणी मानलं नव्हतं, प्रत्येक साधारण एका मिनिटानं सोडून दिली होती.

तुमच्या वाक्यातला "डेटाच्या आधी" हा शब्दही जरा तपासा. तिसऱ्या पॅकेटमधून डेटा जाऊ शकतो. तो नुसता अ‍ॅक वाटेत हरवला तरी बहुतेक वेळा अडत नाही, कारण खानापूरच्या पहिल्या डेटा पॅकेटवरही तीच पोच असते आणि बेळगाव त्यावरून जोडणी पक्की करतं. आणि हँडशेक झाला म्हणजे पलीकडचा प्रोग्रॅम ठीक आहे असं समजू नका. हँडशेक कर्नल करतं. प्रोग्रॅम अडकून पडलेला असला तरी तिन्ही ओळी व्यवस्थित दिसतात, आणि त्यानंतर नुसती शांतता असते.