पित्ताशयात खडे असताना रोज वेलचीचा चहा चालतो का?

प्रश्न: आई 58 वर्षांची, आम्ही डिचोलीला राहतो. बीपीची गोळी चालू आहे. गेल्या महिन्यात सोनोग्राफीत पित्ताशयात दोन खडे दिसले, मोठा 9 मिमी. जेवणानंतर कधी कधी पोटात वरच्या बाजूला कळ येते, गॅस असेल म्हणून ती वेलचीचा चहा घेते. आता कोणीतरी सांगितलं की रोज वेलची घेतली की बीपीही उतरतो. किती घ्यावी? खड्यांना चालेल का?

उत्तर:

आईंची ती कळ नक्की कसली आहे हे सर्जन सांगेपर्यंत रोजचा वेलचीचा चहा थांबवा. वेलची विषारी आहे म्हणून नव्हे. खड्याचं दुखणं ‘गॅस’ समजून चहावर भागवत राहणं हाच यातला खरा धोका आहे.

पित्ताशय ही यकृताखालची छोटी पिशवी. जेवणात तेल-तूप-खोबरं आलं की ती आकसते आणि साठलेलं पित्त आतड्यात सोडते. आकसताना एखादा खडा तोंडाशी अडकला की कळ येते, आणि तो मागे सरकला की कळ जाते. वेलचीसारखे सुगंधी मसाले औषधी मात्रेत घेतले तर पित्ताचा स्राव वाढवू शकतात. म्हणूनच जर्मनीच्या वनौषधी समितीने, म्हणजे कमिशन ई ने, वेलचीची औषधी मात्रा दिवसाला साधारण 1.5 ग्रॅम बिया अशी दिली आणि पित्तखडे असतील तर डॉक्टरांना विचारूनच घ्या, असं त्यासोबत बजावलं.

आता हे 1.5 ग्रॅम म्हणजे किती ते बघा. एक हिरवी वेलची सालीसकट साधारण 0.2 ग्रॅम भरते आणि त्यातला दोन तृतीयांशाहून थोडा जास्त भाग बियांचा असतो. म्हणजे 1.5 ग्रॅम बियांना दहाएक वेलच्या लागतात. कपभर चहात आपण दोन टाकतो, आणि त्यांतलंही बरंच काही गाळणीत चोथ्याबरोबर राहतं. त्यामुळे मणगण्यात पडलेल्या चिमूटभर वेलचीपूडची काळजी करू नका. तिथे पित्ताशयाला आकसवणारा असतो तो नारळाचा रस, आणि त्याचा जोर दोन वेलच्यांच्या कितीतरी पट असतो. चवथीच्या नेवऱ्या आणि तळलेली मासळी यांचंही तसंच.

कळ ओळखायची कशी? गॅसचं दुखणं जागा बदलतं, पोट गुडगुडतं, वारा सरला किंवा ढेकर आली की हलकं वाटतं. खड्याची कळ बरगड्यांखाली उजवीकडे किंवा छातीच्या खळगीत एकाच जागी घट्ट धरते, पुष्कळदा उजव्या खांद्याच्या पात्याकडे जाते, अर्ध्या तासापासून काही तास टिकते आणि ढेकर देऊन किंवा कूस बदलून कमी होत नाही. बहुधा जड जेवणानंतर किंवा रात्री येते. आणि ती आपोआप ओसरते. चहा घेतल्यावर अर्ध्या तासाने बरं वाटलं तर चहाने गुण आला असंच वाटणार, पण तेवढ्या वेळात खडा स्वतःच मागे सरकलेला असू शकतो. आपल्याकडे ‘पित्त झालं’ म्हणजे आंबट ढेकर आणि जळजळ, आणि ‘पित्ताचे खडे’ ही वेगळीच गोष्ट. शब्द एकच असल्याने घरोघरी हा घोळ होतो.

आईंना पुढची कळ येईल तेव्हा चार गोष्टी लिहून ठेवा: किती वाजता सुरू झाली, त्याआधी काय जेवल्या, बोटाने कुठे दाखवतात, किती वेळ टिकली. हा कागद आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन सर्जनकडे जा. कधीच न दुखणारे खडे बहुतेक वेळा तसेच सोडून देतात. दुखणाऱ्या खड्यांचा निर्णय वेगळा असतो, म्हणून हा तपशील त्यांना हवाच. कळेबरोबर थंडी वाजून ताप, डोळे पिवळे, लघवी गडद, शौच पांढरट, किंवा उलट्या आणि दुखणं काही केल्या थांबत नाही, असं काहीही झालं तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता 108 ला फोन करा. खळगीत दुखताना घाम फुटला, दम लागला किंवा दुखणं हाताकडे-जबड्याकडे गेलं तरीही हेच करा. बीपी असलेल्या माणसाचं ते हृदयाचंही असू शकतं.

बीपीबद्दल जे ऐकलंत त्याच्या मागे 2009 चा एक भारतीय अभ्यास आहे. नुकताच उच्च रक्तदाब निघालेल्या 20 जणांना रोज 3 ग्रॅम वेलचीपूड दोन भागांत, बारा आठवडे दिली आणि त्यांचा दाब उतरला. पण माणसं वीसच, आणि तुलनेसाठी नुसती खोटी पूड घेणारा गट नव्हता. तीन ग्रॅम म्हणजे सालीसकट पंधराएक वेलच्या. दोन वेलच्यांच्या चहाकडून तो परिणाम मागता येत नाही, आणि खडे असलेल्या बाईने पंधरा वेलच्यांची पूड रोज खाणं मला अजिबात मान्य नाही. त्याच अभ्यासात रक्तातली गुठळी विरघळण्याची क्रिया वाढलेलीही दिसली, म्हणून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील त्यांनीही ही पूड परस्पर सुरू करू नये. आईंची गोळी आहे तशीच चालू ठेवा. ताटातलं खारं, पापड आणि करमाची लोणची कमी केलीत तर बीपीला वेलचीपेक्षा जास्त फायदा होईल.

बीपी घरी मोजत असाल तर चहा घेतल्यावर अर्धा तास जाऊ द्या, नाहीतर चहापत्तीमुळे आकडा चढलेला दिसेल. पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसवा, हात टेबलावर हृदयाच्या उंचीला ठेवा, मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा. सकाळ-संध्याकाळ सात दिवसांचे आकडे डॉक्टरांना दाखवा.

सर्जनने हरकत नाही म्हटलं तर दिवसाला एक कप, फार तर दोन, आणि कपाला दोन वेलच्या. सोललेल्या वेलचीचे दाणे काळपट आणि किंचित चिकट हवेत. तपकिरी, कोरडे, सुटे झालेले दाणे जुने, त्यांचा वास गेलेला असतो. खलबत्त्यात सालीसकट ठेचा, 150 मिली पाणी उकळून गॅस बंद केल्यावर त्यात टाका आणि सात मिनिटं झाकून ठेवा. उघड्या टोपात खळखळवलं तर पोटाला आराम देणारं तेल वाफेबरोबर उडून जातं, घरभर घमघमाट सुटतो आणि कपात फारसं काही उरत नाही. चहापत्ती आणि मलईचं दूध नको. जेवणानंतर अर्ध्या तासाने, कोमट प्यावा. प्यायल्यावर छातीत जळजळ वाढली तर तो त्यांना मानवत नाही, बंद करा. आणि कळ आली असताना मात्र हा चहा अजिबात देऊ नका.