व्याख्यानमालेच्या पोस्टरचं ब्रीफ: काय लिहायचं, काय डिझायनरवर सोडायचं

प्रश्न: आमच्या वाचनालयाची व्याख्यानमाला ९, १० आणि ११ जानेवारीला आहे. पहिल्यांदाच एका फ्रीलान्स डिझायनरकडून पोस्टर करून घेतोय. तो म्हणाला, "आधी ब्रीफ पाठवा." त्यात नेमकं काय लिहायचं? साईझ, रंग वगैरे आम्ही ठरवायचं की त्याने?

उत्तर:

पोस्टर कुठे लागणार आणि ते कोण, किती लांबून बघणार, हे सगळ्यात आधी लिहा. साईझ, अक्षरांचा आकार, मजकूर किती मावेल, हे सगळं त्यावर ठरतं. मी कार्यक्रमांची पोस्टरं करते आणि माझ्याकडे येणाऱ्या ब्रीफमध्ये नेमकी हीच माहिती नसते. "सर्वांसाठी" असं लिहिलेलं असतं, आणि त्यावरून डिझायनरला काहीच ठरवता येत नाही.

तुमचे नेहमीचे श्रोते तारीख कळली की येतातच. मग पोस्टर कोणासाठी, हे समितीत बसून ठरवा आणि असं लिहा: "या वेळी कॉलेजची मुलं आणि तिशी-चाळिशीतले पालक यावेत अशी इच्छा आहे. पोस्टर एसटी स्टँड, कॉलेजचा नोटीस बोर्ड, बाजारातली काही दुकानं आणि वाचनालयाचं दार इथे लागेल. व्हॉट्सॲपवरही पाठवणार आहोत." एवढ्यावरून डिझायनरला कळतं की नोटीस बोर्डावर माणूस जवळ उभा राहून वाचेल, पण स्टँडवर दहा फुटांवरून चालता चालता नजर टाकेल. दहा फुटांवरून सहज वाचता यावं म्हणून मुख्य अक्षरं साधारण एक इंच उंच लागतात. ए३ कागद जेमतेम पावणेबारा इंच रुंद असतो, म्हणजे एवढ्या मोठ्या अक्षरांत एक-दोन ओळीच बसतील. त्या कोणत्या, हे तुम्ही सांगायचं.

साईझबद्दल माझा सल्ला: दुकानांसाठी आणि बोर्डासाठी ए३, स्टँडसाठी त्याच डिझाईनचा ए२. दोन्हींचं प्रमाण सारखं असल्यामुळे मांडणी न बदलता मोठं करता येतं. १८ × २४ इंचांचा फ्लेक्स हवा असेल तर प्रमाण बदलतं आणि मांडणी पुन्हा करावी लागते. व्हॉट्सॲपचंही तसंच. ए३ची इमेज फोनवर पाठवली तर वक्त्यांची नावं बोटांनी झूम करून वाचावी लागतात. त्यासाठी १०८० × १३५० पिक्सेलची, कमी मजकुराची वेगळी इमेज मागा. हे वेगळं काम आहे, त्याचे पैसे वेगळे लागू शकतात, म्हणून पहिल्याच ब्रीफमध्ये सांगा.

सगळ्यात जास्त वेळ मजकुराला द्या. तो युनिकोडमध्ये टाईप करून एकाच फाईलमध्ये द्या. वहीच्या पानाचा फोटो किंवा व्हॉइस मेसेज नको. आणि मजकूर महत्त्वाच्या क्रमाने लावा. तुमच्या बाबतीत तो साधारण असा होईल:

पहिलं: व्याख्यानमाला, ९ ते ११ जानेवारी, रोज संध्याकाळी ६:३०
दुसरं: प्रत्येक दिवसाचा वार, वक्ता, विषय
तिसरं: सभागृह, ओळखीची खूण, प्रवेश विनामूल्य
चौथं: वाचनालयाचं नाव व बोधचिन्ह, संपर्क क्रमांक, प्रायोजक

यात अध्यक्ष, कार्यवाह, सदस्य यांची नावं नाहीत, हे मुद्दाम. ए३वर दहा-बारा नावं आणि "स्वागतोत्सुक" आलं की वक्त्यांचे विषय बारीक अक्षरात ढकलले जातात, आणि नवा माणूस येतो तो विषय वाचूनच. ती नावं निमंत्रणपत्रिकेत छापा. पण हा निर्णय डिझायनरकडे जाण्याआधी समितीत घ्या आणि ब्रीफमध्ये स्पष्ट लिहा. नाहीतर पहिलं डिझाईन आलं की कोणीतरी विचारणारच, आणि सगळी मांडणी मोडेल.

मराठी अक्षरांबद्दल दोन ओळी नक्की घाला. काही डिझायनर आणि प्रेस अजून युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटमध्ये काम करतात. तिथे तुमचा मजकूर रूपांतरित होतो किंवा पुन्हा टाईप होतो, आणि चुका तिथेच शिरतात. "दुसऱ्या"चं "दुसर्या" होतं, पहिली वेलांटी एक अक्षर पुढे सरकते, जोडाक्षरं सुटी पडतात. म्हणून लिहा: "ल आणि श मराठी वळणाचे हवेत. प्रेसला जाणाऱ्या फाईलमध्ये सगळी अक्षरं आउटलाईन केलेली असावीत." आउटलाईन केली, म्हणजे अक्षरांचं चित्रासारख्या आकारांत रूपांतर केलं, की प्रेसच्या कॉम्प्युटरवर तो फाँट नसला तरी अक्षर बिघडत नाही. मात्र आउटलाईन केलेल्या फाईलमध्ये टाईप करून दुरुस्ती करता येत नाही, त्यामुळे तपासणी त्याआधीच पूर्ण हवी. तपासताना मूळ मजकूर शेजारी ठेवून एकाने मोठ्याने वाचावा, दुसऱ्याने पोस्टरवर बोट फिरवावं. ९ जानेवारीपुढे बरोबर वार आहे ना, हे कॅलेंडर उघडून बघा.

वक्त्यांचे फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखे पाठवलेत तर ते दाबले जातात; डॉक्युमेंट म्हणून पाठवा. दोन इंच रुंद छापायचा फोटो किमान ६०० पिक्सेल रुंद हवा.

आता रंग. ते डिझायनरला ठरवू द्या; तुम्ही फक्त अटी सांगा. बोधचिन्हाचा रंग बदलायचा नसेल तर तसं लिहा. गावात एखाद्या रंगावरून कार्यक्रम कोणाचा, याचा अर्थ काढला जात असेल, तर तेही मोकळेपणाने लिहा. बाहेरच्या डिझायनरला ते कळायला दुसरा मार्ग नाही. काही प्रती काळ्या-पांढऱ्या झेरॉक्स काढणार असाल तर आधीच सांगा, कारण पांढऱ्यावरची पिवळी अक्षरं झेरॉक्समध्ये गायब होतात. स्क्रीनवर चमकणारा हिरवा किंवा निळा कागदावर मळकट उतरतो, म्हणून सगळ्या प्रती काढण्याआधी एक छापून बघा. "आकर्षक हवं" असं लिहिण्यापेक्षा तुम्हाला आवडलेली दोन पोस्टरं जोडा आणि त्यातलं नेमकं काय आवडलं ते एका ओळीत लिहा.

मुदत उलटी मोजा. ९ जानेवारीचा कार्यक्रम, तर पोस्टर ३० डिसेंबरपर्यंत लागलेलं हवं. मग फाईल २६ला प्रेसमध्ये, शेवटची मंजुरी २४ला, पहिलं डिझाईन १८ला, आणि तुमचा पक्का मजकूर व फोटो १३ डिसेंबरला डिझायनरच्या हातात. ही शेवटची तारीख तुमची स्वतःची आहे, तीही ब्रीफमध्ये लिहा. तुमचा मजकूर चार दिवस उशिरा गेला तर पहिलं डिझाईनही तेवढंच पुढे जाणार.

दुरुस्त्यांच्या दोन फेऱ्या ठरवा आणि त्या एकाच माणसाने पाठवायच्या असं ठरवा. समितीतले पाच जण पाच वेगळे बदल पाठवायला लागले, त्यातले दोन एकमेकांच्या उलट असले, की डिझायनर कोणाचं ऐकणार? मंजुरीनंतर वक्ता बदलला तर किती पैसे लागतील, हेही आताच विचारून घ्या. तसं होतं.

शेवटी हवं असलेलं लिहा: चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना निघून जाणारा जादा छापील भाग, असलेली प्रेसची पीडीएफ आणि व्हॉट्सॲपची इमेज. पुढच्या वर्षी तीच मांडणी वापरायचा विचार असेल तर ओपन फाईलची, म्हणजे जिच्यात बदल करता येतात त्या मूळ फाईलची, किंमतही याच वेळी ठरवा. काही डिझायनर ती देत नाहीत, काही वेगळे पैसे घेतात, आणि काम संपल्यावर मागितली की बोलणं अवघड होतं.