पंक्चर कुठं आहे ते आधी बघा

मुलीची सायकल आहे, सव्वीस इंची. शाळेला खानापुरात जाते. मागचं चाक आठवड्यात तीनदा पंक्चर झालं. दुकानदार दरवेळी पॅच लावून तीस रुपये घेतो. ट्यूबच बदलू काय?

थांबा, ट्यूब बदलायची घाई नको. पंक्चर करणारी वस्तू चाकात तशीच असेल तर नवी ट्यूबही चार दिवसांत जाईल आणि दीड-दोनशे रुपये वाया जातील. आधी भोक ट्यूबच्या कुठल्या बाजूला पडतंय ते बघा.

त्यासाठी चाक काढायची गरज नाही. सायकल उलटी करा आणि टायरची एक कड दोन लिव्हरनी रिमच्या बाहेर घ्या. लिव्हर नसतील तर जाड चमच्यांचे दांडे चालतात, स्क्रूड्रायव्हर मात्र नको, त्याची धार ट्यूबला लागते. आता ट्यूब ओढून बाहेर काढा, पण ती कशी बसली होती ते लक्षात ठेवा. वॉलजवळ टायरवर खडूची खूण केली तर उत्तम. हवा भरून ट्यूब पाण्याच्या घमेल्यात थोडी थोडी बुडवत न्या. बुडबुडे आले तिथं पेनानं गोल करा. मग ट्यूब पुन्हा चाकावर जशी होती तशी ठेवून बघा, भोक कशासमोर येतंय.

भोक बाहेरच्या, म्हणजे रस्त्याकडच्या बाजूला असेल तर टायरमध्ये काहीतरी रुतलेलं आहे. आपल्याकडं बाभळीचा काटा नेहमीचाच, पण हायवेच्या कडेनं सायकल जात असेल तर आणखी एक चोर असतो. ट्रकचे फुटलेले टायर रस्त्यावर पडतात, त्यांतल्या केसासारख्या बारीक पोलादी तारा सायकलच्या टायरमध्ये शिरतात. तार बाहेरून दिसत नाही आणि बोट फिरवलं तरी कधी कधी लागत नाही. कापसाचा बोळा टायरच्या आतून हळू फिरवा. जिथं कापूस अडकून तंतू मागं राहतील तिथं तार आहे. ती पकडीनं ओढून काढा. नुसतं पॅच लावलेलं पंक्चर याच तारेमुळं पुन्हा पुन्हा होतं.

भोक आतल्या, रिमकडच्या बाजूला असेल तर दोष रस्त्याचा नाही. चाकाच्या तारांचे निपल रिमच्या आत डोकं काढून बसतात आणि त्यांच्यावरची रबरी पट्टी सरकली किंवा कुजली की तेच ट्यूबला टोचतात. चाक सरळ करताना तार जास्त आवळली असेल तर तिचं टोक निपलच्याही वर येतं. ते काणशीनं घासून सपाट करा आणि पट्टी नवी टाका. पट्टी पंचवीस-तीस रुपयांत मिळते.

शेजारी शेजारी दोन बारीक चिरा दिसल्या तर ते हवा कमी असल्याचं लक्षण. दप्तर कॅरिअरला, हवा मऊ, आणि चाक खड्ड्यात आपटलं की ट्यूब रिम आणि टायरच्या मध्ये चिमटते. तुमच्या मुलीचं मागचंच चाक जातंय, म्हणून मला आधी याचीच शंका येते. टायरच्या बाजूवर किती हवा भरायची ते पीएसआयमध्ये छापलेलं असतं, बहुतेक सव्वीस इंची जाड टायरवर ४० ते ६५ च्या मधलं. अंगठ्यानं दाबून अंदाज घेता तेवढी हवा बहुधा कमीच असते.

आणि भोक वॉलच्या मुळाशी असेल तर मात्र पॅच टिकत नाही. तिथं ट्यूब बदलाच.

घरीच पॅच लावतो. किट आहे, सगळं आहे, तरी दोन दिवसांत पॅच उचलतो. पावसाळ्यात तर हमखास.

सोल्यूशन लावल्या लावल्या पॅच चिकटवत असाल. हे सोल्यूशन ओलं असताना पकडत नाही, सुकल्यावर पकडतं.

ट्यूब आधी पूर्ण कोरडी करा. भोकाभोवती पॅचपेक्षा बोटभर जास्त जागा सँडपेपरनं घासा, ट्यूबची चकाकी जाऊन ती राखाडी दिसेपर्यंत. ट्यूबवर साच्याची उंच रेघ असते. भोक तिच्यावर असेल तर ती घासून सपाट केल्याशिवाय पॅचची कड बसत नाही. भुकटी कोरड्या फडक्यानं पुसा. तोंडानं फुंकू नका, श्वासाला ओल असते. आता सोल्यूशनचा अगदी पातळ थर, पॅचच्या थोडा बाहेरपर्यंत. मग हात लावू नका. उन्हाळ्यात चार-पाच मिनिटं, जुलैच्या खानापूर पावसात दहा मिनिटंही लागतात. चकाकी गेली आणि बोटाच्या मागच्या बाजूला ओलं लागत नाही, इतपत सुकलं की पॅचचा चंदेरी कागद काढून ती बाजू खाली ठेवा. मधून कडेकडे दाबत जा आणि स्क्रूड्रायव्हरच्या दांड्यानं घासून रगडा.

सोल्यूशनची ट्यूब एकदा उघडली की काही महिन्यांत आतलं सगळं सुकून जातं. किट जुनं असेल तर पॅच सोलायच्या आधी तेवढं तपासा. आणि टायर बसवताना शेवटची वीतभर कड हातानंच ढकला. तिथं लिव्हर घातला की ट्यूब चिमटते आणि आपणच नवं पंक्चर करून बसतो.

जांबोटीमार्गे चोर्ल्याकडं स्कूटरनं जाणं-येणं असतं. ट्यूबलेस आहे. वाटेत पंक्चर झालं तर काय करावं? सोबत काय ठेवू?

खिळा दिसला म्हणून लगेच उपटू नका. ट्यूबलेसमध्ये खिळा स्वतःच भोक बुजवून असतो आणि हवा हळूहळू जाते. हवा टिकत असेल तर खिळ्यासकट सावकाश पुढच्या दुकानापर्यंत जाता येतं. जांबोटी सोडलं की त्या रस्त्याला दुकानं विरळ आहेत, म्हणून हा सल्ला.

हवा बसली असेल तर तिथंच काढायचं. किटमध्ये खरखरीत टोकाचा टोचा, नेढं असलेला दुसरा टोचा, चिकट रबरी पट्ट्या आणि सोल्यूशन असतं. साधारण दोनशे ते चारशे रुपयांत मिळतं. वर एक पकड, एक ब्लेड आणि पंप. पंप विकत घेताना स्कूटरच्या वॉलला बसतो का ते दुकानातच लावून बघा. आपल्या जुन्या काळ्या सायकलींचा वॉल वेगळा, तो पंप स्कूटरला जोडणी घातल्याशिवाय चालत नाही. हे घाटात कळून उपयोग नाही.

गाडी मेन स्टँडला लावा, चाक फिरवून खिळा वर घ्या. तो कुठल्या कोनात शिरलाय ते नीट बघून मग पकडीनं ओढा. त्याच कोनात खरखरीत टोचा घाला आणि आत-बाहेर सात-आठ वेळा करा. जोर लागतो, लागू द्या. पट्टी नेढ्यात अर्ध्यावर ओवा, सोल्यूशन लावा आणि दोन्ही टोकं बोटाच्या पेराएवढी बाहेर राहतील इथपर्यंत आत ढकला. टोचा न पिळता झटक्यात सरळ बाहेर ओढा. पट्टी आत राहते. बाहेरचं शेपूट टायरला अगदी चिकटून कापू नका, थोडं ठेवा. हवा भरा, थुंकी लावा. बुडबुडा नाही म्हणजे झालं.

दोन ठिकाणी हा उपाय चालत नाही. टायरच्या बाजूच्या भिंतीवर भोक असेल तर पट्टी धरत नाही, आणि धरली तरी त्या टायरवर घाट उतरू नये. भोक करंगळी जाईल एवढं असेल तरीही तेच. आणखी एक, हवा पूर्ण गेलेली गाडी तशीच पुढं रेटू नका. टायरची कड रिमवरून सुटते आणि मग हातपंपानं ती पुन्हा बसत नाही, कंप्रेसरच लागतो. पंक्चरचे शंभर वाचवायला गेलात की टायरच बदलावा लागतो.

निपाणीजवळ हायवेला स्कूटरचं पंक्चर काढायला थांबलो. एक खिळा होता, त्यानं पाच पंक्चर दाखवले आणि सहाशे घेतले. असं होऊ शकतं काय ओ?

होऊ शकतं. काटेरी फांदीवरून गाडी गेली तर पाच काय, जास्तही भोकं पडतात. पण तुमच्या बाबतीत मला शंका आहे, कारण ट्यूबलेस टायरला पाच उघडी भोकं असती तर गाडी त्या दुकानापर्यंत चालत आलीच नसती.

लबाडीची रीत साधी असते. मुठीत बारीक टोचा लपवून, साबणाचं पाणी चोळता चोळता टायरला टोचत जातात. म्हणून टोचा हातात घेण्याआधी सांगा, "मामा, आधी पूर्ण चाकाला पाणी लावून दाखवा, बुडबुडे येतील तेवढेच काढा." स्वतः शेजारी उभं राहा, चहाला जाऊ नका. खऱ्या पंक्चरमध्ये बहुतेकदा खिळा, काटा किंवा काच आतच सापडते. स्वच्छ, ताजं, रिकामं भोक दिसलं की प्रश्न विचारा. बहुतेक मेस्त्री प्रामाणिक असतात आणि उभं राहून बघितलेलं त्यांना खटकत नाही.

दर आधी ठरवा, आणि तो एका पट्टीचा की सगळ्या कामाचा हेही. बेळगाव शहरात ट्यूबलेसला एका पट्टीचे साधारण शंभर ते दीडशे होतात, गावात थोडे कमी, रात्री हायवेला जास्त. ट्यूबवाल्या जुन्या स्कूटरचं मागचं चाक काढायला बहुतेक गाड्यांत सायलेन्सर सोडावा लागतो, म्हणून तिथं दोनशे मागितले तर ते कष्टाचे आहेत. सायकलचे वीस ते पन्नास. पेट्रोल पंपावर साधी हवा फुकट असते.

पंक्चर कुठंच नाही, पण स्कूटर दोन दिवस उभी राहिली की हवा बसते.

वॉलच्या टोकावर थुंकी लावून बघा. फुगा येत असेल तर आतली पिन सैल किंवा खराब आहे. ती आवळायला किंवा बदलायला फार तर तीस-चाळीस रुपये. वॉल बुडाशी वाकवून बघा, रबरला भेगा दिसल्या तर अख्खा वॉल बदलावा लागतो आणि त्यासाठी टायर उतरवावा लागतो. तिथं काही नसेल तर टायर आणि रिमच्या सांध्याला साबणाचं पाणी लावा. आपल्या पावसात लोखंडी रिम सांध्याला गंजते आणि हवा तिथून झिरपते. टायर उतरवून गंज घासून काढला की थांबते. टायरमध्ये ओतायचं जेल अशा झिरपण्याला काही दिवस झाकून ठेवतं, गंज मात्र खाली वाढतच राहतो, म्हणून मी ते सुचवत नाही.

हवा भरताना आकडा विचारून घ्या. एकटे असाल तर बऱ्याच स्कूटरना पुढं २२ आणि मागं २९, मागं माणूस असेल तर मागं ३६ च्या आसपास. तुमच्या गाडीचा नेमका आकडा सोबतच्या पुस्तिकेत किंवा गाडीवरच्या स्टिकरवर असतो. पंपावरचा पोऱ्या विचारल्याशिवाय दोन्हीकडं सारखीच भरतो.