च्यायला चालतं, मग बीप कशावर?

प्रश्न : टीव्ही आणि रेडिओवर कोणता शब्द बीप करायचा हे नक्की कोण ठरवतं? सरकारकडे शब्दांची यादी असते का? एका चॅनलवर सर्रास ऐकू येणारा शब्द दुसऱ्यावर बीप का असतो?

यादी नाही. म्हणजे सरकारची नाही. मी एका मराठी मनोरंजन वाहिनीच्या 'एस अँड पी' विभागात काही वर्षं काढली. स्टँडर्ड्स अँड प्रॅक्टिसेस असं त्याचं भारदस्त नाव, प्रत्यक्षात हेडफोन लावून एपिसोड ऐकणारी तीन माणसं. शंभरातले नव्वद बीप अशाच कुठल्यातरी खोलीत ठरतात, मंत्रालयात नाही.

सरकारकडे आहे तो 'प्रोग्राम कोड', म्हणजे केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स नियम, १९९४ मधला नियम ६. त्यात एकही शिवी लिहिलेली नाही. सभ्यतेला आणि अभिरुचीला धक्का देणारं नको, अश्लील नको, बदनामीकारक नको, बायकांना कमी लेखणारं नको, एखाद्या भाषिक किंवा प्रादेशिक गटाची टर उडवणारं नको, अशी त्याची भाषा. मुलांच्या कार्यक्रमांत वाईट भाषा नसावी आणि मुलांना न शोभणारं काही मुलं सर्वाधिक संख्येनं टीव्हीपुढे असताना दाखवू नये, हेही त्यात आहे. पण 'अभिरुची' म्हणजे काय? कोणाची? सातारच्या आजोबांची की पवईच्या पोरांची? ते नियम सांगत नाही. ते सांगायला आम्ही पगार घ्यायचो.

यादी करून बघायचा प्रयत्न एकदा झाला. फेब्रुवारी २०१५ मध्ये सेन्सॉर बोर्डाचे तेव्हाचे अध्यक्ष पहलाज निहलानी यांच्या काळात २८ शब्दांची यादी निघाली, की हे शब्द सिनेमात नकोत. बोर्डातल्याच सदस्यांनी विरोध केला आणि यादी बाजूला ठेवावी लागली. मला ती यादी टिकणारच नव्हती असं तेव्हाही वाटलं होतं. कारण शब्द एकटा कधी येत नाही. तो कोणीतरी, कोणालातरी, कुठल्यातरी स्वरात म्हणतो.

'च्यायला' घ्या. मूळ काय आहे ते शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. पण हा शब्द इतका घासून गुळगुळीत झालाय, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आई येतच नाही. रात्री साडेनऊच्या मालिकेत तो आम्ही बिनधास्त सोडायचो. हाच शब्द उलगडून, सावकाश, समोरच्याच्या तोंडावर म्हटला की मात्र तो शिवी होतो, आणि तेव्हा आवाज बंद. शब्दकोशात काय आहे यापेक्षा तो कानावर पडल्यावर काय होतं, हा आमचा निकष होता.

आता एक प्रत्यक्ष गोष्ट. एका मालिकेत कोकणातली आजी होती. लेखक तिकडचाच. त्यानं आजीच्या तोंडी नातवासाठी 'रांडेच्या' लिहिलं, लाडानं. मालवणी घरात यात कोणाला काही खटकणार नाही, उलट आजीनं असं म्हटलं नाही तर ती रागावली असेल असं वाटेल. पण मालिका साडेसातची, घरोघरी जेवणाच्या आधी लागणारी, आणि विदर्भात किंवा मराठवाड्यात तो शब्द लाडाचा नाही. शिवाय त्याचा अर्थ थेट बाईवर जातो, आणि बायकांना कमी लेखणारं नको हे तर कोडमध्येच आहे. आमच्या बाईंनी स्क्रिप्टवर लाल खूण केली. लेखक भांडायला आला. म्हणाला, ''मॅडम, मग आजी काय म्हणेल, अहो बाळासाहेब?'' शेवटी 'मेल्या' वर तडजोड झाली. सेटवर दोन टेक झाले, एक लेखकाचा आणि एक आमचा. गेला आमचा. तुम्हाला तिथं बीप ऐकू आला नाही, आणि यातच मुद्दा आहे. मालिकांमधले बहुतेक निर्णय कागदावर होतात, म्हणून तिथं बीप दुर्मीळ. जिथं स्क्रिप्ट नसते तिथं, म्हणजे रिअ‍ॅलिटी शोमध्ये, बीपांचा पाऊस पडतो.

रिअ‍ॅलिटी शोमध्ये निर्णयापेक्षा अंमलबजावणी अवघड. एक हजार हर्ट्झचा तो 'टूंऽऽ' लावणं सोपं, पण प्रत्येक स्पर्धकाच्या छातीवर वेगळा माइक असतो आणि प्रत्येकाचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर. स्वयंपाकघरात भांडण झालं, एकानं शिवी दिली. एडिटरनं त्याच्या ट्रॅकवर बीप मारला आणि पुढे गेला. शेजारी कांदा चिरणाऱ्या बाईच्या माइकमध्ये तीच शिवी हलकीशी, पण स्वच्छ होती. स्पीकरवर आम्हाला कळलंच नाही, एपिसोड गेला. दोन दिवसांत तक्रारीचं पत्र आलं, त्यात वेळ मिनिट-सेकंदासकट लिहिलेली. तेव्हापासून बीप असेल तिथं आम्ही सगळे ट्रॅक एकेक करून, हेडफोन लावून ऐकायचो. ओठांवरून शब्द वाचता येतो म्हणून तोंड धूसर करायचं. सबटायटल असेल तर त्यात फुल्या घालायच्या. आणि प्रोमो विसरायचा नाही! एपिसोड रात्रीचा असला तरी त्याचा प्रोमो दुपारी चारला कार्टून बघणाऱ्या घरातही वाजतो.

सिनेमाचं मात्र वेगळं आहे, आणि तिथं मुंबईचा मोठा हात आहे. मुंबईच्या प्राध्यापिका प्रतिभा नैथानी मुंबई उच्च न्यायालयात गेल्या, की 'ए' प्रमाणपत्राचे सिनेमे टीव्हीवर राजरोस दाखवतात. त्या प्रकरणानंतर आणि २००६ मधल्या नियमदुरुस्तीनंतर चित्र स्पष्ट झालं : टीव्हीवर तेच सिनेमे, तीच गाणी, तेच ट्रेलर आणि म्युझिक व्हिडिओ जातील, ज्यांना सेन्सॉर बोर्डानं सर्वांसाठी योग्य ठरवलंय. म्हणजे यू किंवा यूए. त्यामुळे 'ए' सिनेमा टीव्हीला विकायचा तर निर्माता पुन्हा बोर्डाकडे जातो. आपणहून काटछाट सुचवतो, समिती बघते, आणखी सांगते : इथं शब्द म्यूट करा, तिथं बदला, हा शॉट कमी करा. हे बदल प्रमाणपत्राबरोबर लेखी येतात. त्या कागदाच्या पलीकडे जाऊन चॅनल आणखी कापू शकतं, आणि कापतं. कागदावरचं कापलेलं परत जोडू मात्र शकत नाही.

म्युझिक व्हिडिओलाही प्रमाणपत्र लागतं, यातून एक अस्सल मुंबईची गंमत झाली. २०१५ मध्ये मिहीर जोशी या गायकाच्या एका गाण्यात 'बॉम्बे' शब्द होता. बोर्डानं टीव्हीसाठी तो बीप करायला लावला. शहराचं अधिकृत नाव १९९५ पासून मुंबई, हे त्यामागचं राजकारण. गाणं गंभीर, शिवी एकही नाही, आणि टीव्हीवर ऐकणाऱ्याला वाटणार की तिथं काहीतरी भयंकर असणार. बीपची ही जुनी खोड आहे. तो शब्द लपवतो आणि ऐकणाऱ्याला स्वतःचा शब्द भरायला सांगतो, आणि माणसं सहसा मूळापेक्षा वाईटच शब्द भरतात. म्हणून आम्ही शक्यतो बीपऐवजी नुसती शांतता पसंत करायचो.

खासगी एफएमवाल्यांना आकाशवाणीचा प्रोग्राम कोड पाळायचा असतो, सरकारशी केलेल्या परवाना-करारातच ते कलम असतं. तिथं शब्द बहुधा आधीच गेलेला असतो, कारण म्युझिक कंपनी रेडिओसाठी गाण्याची वेगळी, धुतलेली आवृत्ती देते. थेट फोन घेणारा आरजे मात्र जोखमीवर असतो. काही ठिकाणी आवाज काही सेकंद उशिरा सोडतात, म्हणजे बटण दाबायला वेळ मिळतो. बाकी ठिकाणी फोन ऑफ-एअर घेऊन, ऐकून, मग वाजवतात. तुम्हाला तो 'लाइव्ह' वाटतो एवढंच.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. कोड सगळ्यांना एकच, पण भीती सगळ्यांना सारखी नाही. रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळेत वाहिन्यांच्या स्वयंनियमनाच्या संहितेनुसार 'आर' गटातला, म्हणजे मोठ्यांसाठीचा मजकूर चालतो, साडेसातला चालत नाही. एका वाहिनीचा प्रेक्षक आणि जाहिरातदार कौटुंबिक, तेलमसाल्याचा, दुसरीचा कॉलेजचा. एका वाहिनीनं मागच्या वर्षी तक्रार भोगलेली असते, ती पुढची दोन वर्षं 'साला' सुद्धा घाबरत सोडते. नवा एस अँड पी प्रमुख आला की महिनाभर बीप वाढतात, हेही मी पाहिलंय. आणि वेब सिरीज या केबलच्या नियमात येतच नाही, तिच्यासाठी २०२१ चे वेगळे आयटी नियम आहेत. म्हणून तोच नट तिथं मोकळा बोलतो.

तक्रारीचं सांगायचं तर २०२१ च्या दुरुस्तीपासून वाट अशी आहे : आधी वाहिनीला लिहायचं. तिनं २४ तासांत पोच द्यायची आणि १५ दिवसांत निकाल. समाधान झालं नाही तर पुढच्या १५ दिवसांत स्वयंनियमन संस्थेकडे अपील, मनोरंजन वाहिन्यांसाठी ती बहुधा बीसीसीसी. ती वाहिनीला मजकूर बदलायला किंवा पडद्यावर माफीची पट्टी चालवायला सांगू शकते. त्यावर केंद्राची समिती. लिहिताना 'घाणेरडी भाषा' एवढं लिहू नका. तारीख, वेळ, कोण कोणाला काय म्हणालं, आणि घरात तेव्हा कोण बसलं होतं, ते लिहा. आमच्याकडे आलेल्या पत्रांपैकी ज्यावर खरंच हालचाल झाली, ती अशीच होती.

आणि टीव्हीसमोर बसून ओळखायचं असेल की शब्द कोणी मारला, तर सिनेमात ओठ हलतायत पण नुसती शांतता, किंवा ओठ एक म्हणतायत आणि आवाज दुसरंच, तर बहुधा ते प्रमाणपत्राच्या वेळचं काम. रिअ‍ॅलिटी शोमधला 'टूंऽऽ' आणि धूसर तोंड मात्र आमच्यासारख्या कोणाचं, तेही बहुतेक प्रक्षेपणाच्या दिवशी दुपारी, डबा खाता खाता केलेलं.