गर्दीच्या जुन्या फोटोतली माणसं ओळखायची तर आधी फलक आणि बिल्ले वाचा

प्रश्न: आजोबांच्या ट्रंकेत एका मोठ्या मेळाव्याचा फोटो सापडला. मागे अर्धवट दिसणारा कापडी फलक आहे, काही जणांच्या छातीवर बिल्ले आहेत. सातारा-सांगली भागातला आहे एवढंच घरात माहीत आहे. यातल्या माणसांची नावं सांगू शकेल असं कोणी कसं शोधायचं?

उत्तर:

फोटो घेऊन "यातलं कोणी ओळखता का?" असं दारोदार विचारत फिरू नका. मी वर्षभर तेच केलं आणि हाती काही लागलं नाही. आधी कार्यक्रम कोणता, भरवला कोणी आणि साल कुठलं हे ठरवा. ते ठरलं की त्या दिवशी तिथं हजर असलेलं आणि आज हयात असलेलं माणूस कुठल्या गावात, कुठल्या वयाचं असेल ते कळतं. मग जायचं ते थेट त्याच्याच घरी.

माझ्याकडचा फोटो वडिलांचा. ते प्राथमिक शिक्षक होते. शाळेच्या पटांगणात दीडेकशे माणसं, पुढे खुर्च्या, मागे दोन बांबूंना बांधलेला कापडी फलक. वाऱ्यानं फलकाची उजवी बाजू दुमडली होती. घरात सगळे म्हणायचे, "अण्णांच्या कसल्याशा सभेचा फोटो आहे."

पहिलं काम म्हणजे फोटो नीट स्कॅन करून घेणं. मोबाइलनं काढलेला फोटो या कामाला पुरत नाही. स्टुडिओवाल्याकडून १२०० डीपीआयला स्कॅन करून घ्या आणि पाठीमागची बाजूही करा, कारण स्टुडिओचा शिक्का बहुधा तिथंच असतो. फोटो पुठ्ठ्यावर चिकटवलेला असेल तर पुठ्ठ्याचे कोपरे तिरप्या उजेडात धरून बघा. दाबून उठवलेला शिक्का समोरच्या उजेडात दिसत नाही, तिरप्या उजेडात दिसतो.

मग फलक. माझ्या फलकावर वरच्या ओळीत "…थमिक शिक्षक संमे…" एवढं सरळ वाचता आलं. दुमडलेल्या भागाची मागची बाजू कॅमेऱ्याकडे आली होती आणि पातळ मांजरपाटातून अक्षरं उलटी उमटली होती. तेवढा तुकडा संगणकावर आरशासारखा उलटा केला, तेव्हा "ता. तासगांव, जि. द. सातारा" असं लागलं. रात्री अकरा वाजता मी घरातल्या सगळ्यांना उठवून ते दाखवलं. अक्षरं तुटलेली असतील तर शिरोरेषेच्या वर आणि खाली काय दिसतं ते आधी बघा. वेलांटी, मात्रा, उकार ओळखू आले की मधलं अक्षर बऱ्याचदा आपोआप ठरतं.

"द. सातारा" म्हणजे दक्षिण सातारा. जुन्या सातारा जिल्ह्याचे १९४९ मध्ये दोन भाग झाले. तासगाव, खानापूर, वाळवा, शिराळा हे तालुके आणि सांगली, मिरज, जत ही संस्थानी बाजू मिळून दक्षिण सातारा झाला. १९६० च्या नोव्हेंबरात त्याचं नाव सांगली जिल्हा झालं. म्हणजे हे दोन शब्द दिसले की फोटो त्या अकरा-बारा वर्षांतला, असं मी लगेच धरलं. तिथंच थोडी घाई झाली, ते पुढे सांगतो.

फलकाच्या खालच्या कडेला "रवि. ता. १४ फे…" असं होतं. साल दिसत नव्हतं. पण वार आणि तारीख दोन्ही मिळाले की साल फार मोकळं राहत नाही. १४ फेब्रुवारीला रविवार १९४९ ते १९६० या काळात दोनदाच येतो, १९५४ ला आणि १९६० ला. त्यानंतर थेट १९६५. कुठल्याही संगणकावर कॅलेंडर मागे नेलं की हे पाच मिनिटांत कळतं.

१९५४ की १९६०, हे शाळेच्या कुंपणाच्या भिंतीनं सांगितलं. माणसांच्या डोक्यांमधून गेरूनं रंगवलेली एक घोषणा दिसत होती आणि तिच्या शेवटी "महाराष्ट्र समिती". संयुक्त महाराष्ट्राची मागणी त्याआधीपासूनची होती, १९४६ पासून संयुक्त महाराष्ट्र परिषद होती. पण समिती स्थापन झाली ती फेब्रुवारी १९५६ मध्ये. त्यामुळे १९५४ बाद झालं. भिंतीवरची घोषणा पुढं कित्येक वर्षं तशीच राहते, म्हणून ती "याच्या आधीचा नाही" एवढंच सांगते. "याच्या नंतरचा नाही" हे सांगायला दुसरं काहीतरी लागतं.

मी त्यासाठी "द. सातारा" वर भिस्त ठेवली होती. पण स्कॅन आणखी मोठं करून बघितलं तर तारखेच्या पट्टीभोवती टाके दिसले. तारीख वेगळ्या कापडावर रंगवून जुन्या फलकावर शिवलेली होती. संघटनांकडे पैसे नसायचे, फलक जपून ठेवायचे आणि दरवर्षी नवी तारीख लावायची. मग जिल्ह्याचं नाव बदलल्यावरही हाच फलक १९६५ ला वापरला नसेल कशावरून? तुमच्या फलकावर रौप्यमहोत्सव किंवा "वर्ष १२ वे" असं काही असेल तर तेही याच नजरेनं तपासा, जोड दिसतो का ते.

हा घोळ बिल्ल्यांनी सोडवला. खुर्चीवर बसलेल्या दोघांच्या बिल्ल्याखाली लांब रिबीन होती आणि त्यावर "स्कूल बोर्ड" हे शब्द नीट लागत होते. तेव्हा प्राथमिक शाळा जिल्हा स्कूल बोर्डाकडे होत्या. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शिक्षण त्यांच्याकडे गेलं. १९६५ ला स्कूल बोर्डाचा पाहुणा येऊन बसणं शक्य नव्हतं. राहिलं १९६० एकटंच.

बिल्ल्यांकडे मी आधी साल ठरवायला बघितलं, पण त्यांचा खरा उपयोग माणसं शोधायला होतो. कृष्णधवल फोटोत लाल आणि हिरवी रिबीन जवळपास सारखीच करडी दिसते, म्हणून रंगाच्या मागे न लागता आकार बघा. माझ्या फोटोत तीन आकार निघाले. चुण्या घातलेलं मोठं रिबिनीचं फूल आणि मध्ये पुठ्ठ्याची चकती असे बिल्ले आठ जणांना होते. ते पुढच्या दोन रांगांत आणि मंडपाच्या खांबापाशी उभे, म्हणजे स्वागत समितीवाले. टाचणीनं लावलेली साधी आयताकृती चिठ्ठी बहुतेकांना, ते प्रतिनिधी. आणि अर्ध्या चड्डीतल्या नऊ पोरांच्या खिशावर तिरपी पट्टी, ते स्वयंसेवक. पोरांच्या बिल्ल्यावरचं एकही अक्षर लागलं नाही, पण त्यातल्या दोघांच्या हातात पाण्याची घागर होती.

आता वयाचा हिशेब करा. १९६० चा तिशीतला शिक्षक आज नव्वदी ओलांडलेला असणार. सातवीतला पोरगा मात्र ऐंशीच्या आत-बाहेर. नावं सांगू शकणारी माणसं ती, आणि आम्ही इतके दिवस शिक्षकांच्याच घरी जात होतो.

पोरं कोणती ते शाळेच्या जनरल रजिस्टरात सापडतं. प्रत्येक प्राथमिक शाळेत हे दप्तर कायमचं ठेवतात आणि त्यात दाखल झालेल्या प्रत्येक मुलाचं नाव, जन्मतारीख, शाळा सोडल्याची तारीख असते. मुख्याध्यापकांना मी साधा अर्ज दिला, फोटोची प्रत जोडली आणि १९५९-६० ला सहावी-सातवीत कोण होते एवढंच विचारलं. रजिस्टर त्यांनी हातात दिलं नाही, ते योग्यच होतं. त्यांनी स्वतः बघून गावातल्याच दोन आजोबांना निरोप धाडला. नदीकाठच्या गावाचं काम असेल तर आधी फोन करून विचारा. २०१९ च्या महापुरात किती तरी ठिकाणचं दप्तर भिजलं.

तुमच्या फलकावर शाळेऐवजी एखादं मंडळ किंवा ट्रस्ट असेल तर नावाखाली "रजि. नं." शोधा. नोंदणी क्रमांकात बऱ्याचदा नोंदणीचं साल आणि जिल्हा असतो. मग साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या धर्मादाय कार्यालयात त्या संस्थेचं परिशिष्ट-१ मागता येतं, त्यात विश्वस्तांची नावं असतात. तिथून एखाद्याचा मुलगा, सून, नातू सापडतो.

माणूस भेटल्यावर फोटो लगेच पुढं करू नका. मी पहिल्या आजोबांना आधी विचारलं, "तुम्ही सातवीत असताना शाळेत मास्तरांचं संमेलन झालं होतं, आठवतं का?" ते म्हणाले, "आठवत न्हाई तर! दोन दिस आमी पाणीच वाढलंय." कुणाच्या हाताखाली काम केलं, जेवण कुठल्या वाड्यात होतं, अध्यक्ष कुठून आले होते, हे सगळं त्यांनी फोटो न बघता सांगितलं. मग फोटो दिला. फोटोवर खुणा केल्या नव्हत्या. वर ट्रेसिंग पेपर ठेवून डोक्यांच्या आकृत्या काढल्या होत्या आणि त्यांना नंबर घातले होते. ते बोट ठेवतील त्या नंबरासमोर नाव, कोणी सांगितलं आणि किती खात्रीनं, एवढं लिहीत गेलो.

दुसऱ्या आजोबांकडे वेगळ्या दिवशी गेलो आणि पहिल्यांनी काय सांगितलं ते बोललो नाही. दोघांची नावं चौदा ठिकाणी जुळली. एका ठिकाणी अडलं. पहिले म्हणाले, नंबर ६ म्हणजे आमचे हेडमास्तर. पण हेडमास्तर स्वागत समितीत होते हे दोघांनीही आधीच सांगितलं होतं, आणि नंबर ६ च्या छातीवर प्रतिनिधीची चिठ्ठी होती. मोठं रिबिनीचं फूल नंबर ११ ला होतं. दुसऱ्या आजोबांनी हेडमास्तर म्हणून बोट ठेवलं ते ११ वर. पहिल्यांकडे पुन्हा जाऊन फक्त बिल्ला दाखवला, तेव्हा ते म्हणाले, "टोपीनं फसवलं."

याच दुसऱ्या आजोबांनी स्वागत समितीच्या चिटणिसांचं घर दाखवलं. चिटणीस कधीच गेले होते, पण त्यांच्या सुनेनं माळ्यावरून संमेलनाचा छापील अहवाल काढून दिला. शेवटच्या पानांवर स्वागत समितीची आठही नावं होती आणि देणगीदारांची यादी. आठ फुलांपैकी पाच माणसांना आम्ही आधीच नावं लावली होती, ती पाचही त्या यादीत निघाली. उरलेली तीन नावं तीन चेहऱ्यांत वाटून टाकायचा मोह झाला, पण कोणतं कोणाचं हे सांगणारं कोणी नाही. म्हणून नोंदवहीत त्या तिघांसमोर तिन्ही नावं एकत्र लिहून ठेवली आहेत.

फोटोत तीन बाई शिक्षिका आहेत, डावीकडे एका बाजूला उभ्या, तिघींना प्रतिनिधीच्या चिठ्ठ्या. दोन्ही आजोबांनी त्यांना "बाई" एवढंच म्हटलं. त्यांच्यासाठी मी आता त्याच काळात तालुक्यात मुलींच्या शाळा कुठे होत्या ते बघतोय आणि तिथं शिकलेल्या आज्यांकडे जाणार आहे. शिक्षिकेचं नाव तिच्या विद्यार्थिनीलाच आठवेल असं मला वाटतं.

तुमच्या फोटोतल्या फलकाची जेवढी अक्षरं लागतात तेवढी, तुटकी असली तरी, जशीच्या तशी ओळीनं लिहून इथं टाका. बिल्ल्यांचे आकार किती प्रकारचे आहेत आणि कोणता बिल्ला कोणत्या रांगेत जास्त दिसतो तेही लिहा. मी बघून सांगतो.